आठ नंबर संपला, पुढे काय? स्टॉक संपल्याचं सांगून वेटलिस्टवर नावं कशी घ्यायची

वैशाखात बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. त्याच सुमाराला लग्नसराईही जोरात असते. कुर्ता-धोतराखाली कोल्हापुरी हवीच, म्हणून निपाणी-अथणीकडच्या कारागिरांकडून माल उचलून इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यांचे आठ आणि नऊ नंबर मे संपायच्या आत संपतात. मग जून येतो. पाऊस सुरू होतो, कातडं वाळायचं नाव घेत नाही आणि कारागीर म्हणतो, ‘ऊन पडलं की देतो.’ इकडे इनबॉक्समध्ये रोज विचारणा चालूच: ‘ताई, आठ नंबर कधी येणार ओ?’

हा लेख नेमका याच टप्प्यासाठी आहे. नुकताच धंदा सुरू केलाय, सगळ्यात जास्त खपणारी एकच वस्तू आहे, ती संपलीय आणि फॉलोअर्सना ते सांगायचंय. उदाहरण कोल्हापुरीतल्याच कापशी चपलेचं घेतलंय, कारण त्यात नंबर येतो आणि सगळी गुंतागुंत त्या नंबरात आहे. कुंदा किंवा शहापुरी साडी विकत असाल तर नंबराच्या जागी वजन किंवा रंग घ्या, बाकीचं तसंच लागू पडतं.

आधी कारागिराशी बोला, मग पोस्ट टाका

बरेच जण उलटं करतात. स्टॉक संपल्या संपल्या ‘लवकरच परत येतोय’ असं टाकून मोकळे होतात. ‘लवकर’ म्हणजे वाचणाऱ्याला चार दिवस वाटतात. आठवडा गेला की तो पुन्हा विचारतो, दुसरा आठवडा गेला की तो दुसऱ्या पानावरून घेतो.

म्हणून पहिला फोन कारागिराला. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: पुढच्या खेपेत किती जोड होतील आणि कधीपर्यंत. पावसाळ्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सैल धरावं लागतं. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि ते उन्हावाऱ्यावर वाळतं. ढगाळ हवेत तेच काम लांबतं. नीट न वाळलेल्या कातड्याची चप्पल घाईने शिवली तर पुढे तळ वाकतो, पट्ट्याला बुरशी येते आणि ती तक्रार तुमच्याकडेच येते, कारागिराकडे नाही. त्यामुळे कारागीर ‘वीस जुलै’ म्हणाला तर फॉलोअर्सना ‘जुलैअखेर’ सांगा.

आणि त्यालाही सांगता येत नसेल तर? तेव्हा माल यायची तारीख सांगूच नका. बातमी द्यायची तारीख सांगा: ‘माल कधी येणार ते 10 जुलैला याच जागी कळवते.’ ही तारीख पाळणं सर्वस्वी तुमच्या हातात असतं. दहा जुलैला काहीच ठरलं नसेल तरी ‘अजून ठरलं नाही, आता 25 ला सांगते’ असं टाकायचंच. ते टाकलं की तुमच्या शब्दावर विसंबता येतं हे लोकांना कळतं, आणि ऊन पडलेलं नाही हे तर सगळ्यांना खिडकीतून दिसतंच.

यादीचा फॉर्म: पाच प्रश्न, त्याहून एकही नको

पोस्टच्या आधी फॉर्म तयार हवा, नाहीतर लोक कमेंटमध्ये नावं टाकतात आणि ती शोधत बसण्यात संध्याकाळ जाते. गुगल फॉर्म्स फुकट आहे आणि कुणी केव्हा नाव दिलं ती वेळ आपोआप नोंदवतं. पुढे ‘आधी माझं नाव होतं’ असा वाद निघाला तर ती वेळच कामाला येते.

विचारायचं ते असं. नाव. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. चपलेचा नंबर, तोही लिहायला न लावता 6 ते 10 मधून निवडायला. रंग, म्हणजे नैसर्गिक तपकिरी की गडद. आणि माल कुठे पाठवायचा ते गाव किंवा शहर. पूर्ण पत्ता आत्ता मागू नका, तो पैसे भरताना घ्यायचा. वय, ईमेल, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं’ हे सगळं वगळा. प्रश्न वाढले की अर्ध्यावर फॉर्म सोडणारेही वाढतात.

चपलेच्या नंबराच्या प्रश्नाखाली एक ओळ मात्र आवर्जून लिहा, कारण गिऱ्हाईक माल परत पाठवतात ते बहुतेक नंबर चुकल्यामुळेच. बुटाचा नंबर आणि कोल्हापुरीचा नंबर लोक एकच धरतात. कागद जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायचं, टाचेच्या मागे आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे पेन्सिलची खूण करायची आणि दोन खुणांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं. तुमच्या कारागिराच्या कोणत्या नंबराचा तळ किती लांब, हे त्याच्याकडून घेऊन फॉर्ममध्येच टाका. प्रत्येक कारागिराच्या साच्यात थोडा फरक असतो, म्हणून दुसऱ्या कुणाचा तक्ता उचलू नका. अंगठ्याच्या पट्ट्यात बोट आधी घट्ट बसतं आणि वापरून तो सैल होतो, हेही तिथेच सांगा.

फॉर्मच्या वरच्या मजकुरात तीन गोष्टी हव्यात: अंदाजे किंमत, अंदाजे काळ आणि ‘नाव देणं म्हणजे ऑर्डर नाही, पैसे आत्ता भरायचे नाहीत’ हे वाक्य. किंमत लिहायला लोक कचरतात, पण किंमत न लिहिलेल्या यादीत निम्मे फक्त चौकशीवाले असतात आणि ते माल आल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. दर वाढण्याची शक्यता असेल तर ‘1,400 ते 1,550 रुपयांच्या दरम्यान’ असं लिहा आणि मग त्याच्या वर जाऊ नका.

शेवटी एक ओळ: ‘हा नंबर फक्त या चपलेची खबर द्यायला वापरला जाईल.’ वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा सांगतो की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. यादीतल्या नंबरांवर पुढे दिवाळीच्या पणत्यांची जाहिरात पाठवायची असेल तर तसं वेगळं विचारावं लागेल. अनुभवी विक्रेते कायद्याविनाही हे पाळतात, कारण न मागितलेल्या मेसेजमुळे लोक ब्लॉक करतात आणि खूप जणांनी ब्लॉक केलं तर व्हॉट्सअ‍ॅप खात्यावर बंधनं येतात.

एक तांत्रिक गोष्ट. फॉर्मच्या सेटिंगमध्ये एका माणसाला एकच उत्तर देऊ देण्याचा पर्याय असतो. तो चालू केला तर भरणाऱ्याला गुगल खात्यातून लॉगिन करावं लागतं. खानापूरच्या आत्याला लॉगिन जमलं नाही की ती फॉर्म सोडून देते. तो पर्याय बंदच ठेवा, दोनदा आलेलं नाव नंतर हाताने काढता येतं.

ज्यांना फॉर्मच नको त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक ठेवा. ती दाबली की तुमचा चॅट उघडतो आणि मजकूर आधीच भरलेला असतो. X च्या जागी तुमचा दहा अंकी नंबर, त्याच्या आधी 91, प्लस किंवा शून्य कुठेही नको:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KAPSHI%20YADI
```

इथून आलेली नावं त्याच दिवशी स्वतः फॉर्मच्या उत्तरांच्या शीटमध्ये भरा. दोन याद्या चालवल्या तर क्रम बिघडतो.

आता पोस्ट

जिच्यामुळे चप्पल गाजली ती जुनी पोस्ट किंवा रील काढू नका. लोक अजूनही तिथूनच येतात. तिचं कॅप्शन एडिट करून पहिल्याच ओळीत सद्यस्थिती लिहा, कारण बाकीचं कॅप्शन दाबल्याशिवाय दिसत नाही. पैसे देऊन जाहिरात चालू असेल तर ती मात्र आधी थांबवा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्यावर जी चर्चा उसळली, तशा वेळी अचानक शेकडो अनोळखी लोक जुन्या पोस्टवर येतात. त्यांना पहिल्या ओळीत ‘संपलंय, पण नाव द्या’ एवढं दिसलं पाहिजे.

नवी पोस्ट वेगळी टाका आणि प्रोफाइलवर पिन करा. मजकूर असा चालेल:

‘कापशी, नैसर्गिक रंग: 8 आणि 9 नंबर संपले. 6, 7 आणि 10 चे थोडे जोड आहेत, ते हवे असतील तर मेसेज करा. 8 आणि 9 ची पुढची खेप जुलैअखेर अपेक्षित आहे. पावसात कातडं वाळायला वेळ लागतो, म्हणून आधीचं सांगत नाही. यादीत नाव द्यायला बायोमधली लिंक. पैसे आत्ता भरायचे नाहीत. माल आल्यावर यादीच्या क्रमाने कळवू.’

‘सोल्ड आउट’ एवढे दोनच शब्द टाकले की सहा आणि दहा नंबरवालाही पुढे जातो, त्याचा जोड तुमच्या कपाटात पडून असताना. म्हणून काय संपलंय ते नंबरानिशी लिहायचं. आणि ‘फक्त 3 उरले’ असं खोटं लिहायचं नाही. गावात एकमेकांचे जोड एकमेकांना दिसतात हे एक, आणि 2023 पासून केंद्राच्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी खोटी घाई दाखवणं निषिद्ध आहे हे दुसरं.

बेळगाव-चिकोडी पट्ट्यात फॉलोअर्स मराठी आणि कन्नड दोन्ही असतात, त्यामुळे पोस्टमध्ये एक ओळ कन्नडमध्ये द्या. ती कन्नड घरात वाढलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. यंत्राने दिलेलं भाषांतर लगेच ओळखू येतं.

स्टोरी 24 तासांत जाते, म्हणून ती हायलाइटमध्ये ‘कापशी यादी’ नावाने ठेवा. पोस्ट टाकल्यावर लिंक स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा. पहिल्या दिवशी एकही नाव आलं नाही आणि इनबॉक्स मात्र भरलेला असेल तर खात्रीने समजा की लिंक तुटलीय किंवा फॉर्म खासगी राहिलाय.

इनबॉक्समध्ये जे विचारतील त्यांना उत्तर एकसारखं जाऊ दे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात. ‘/kapshi’ टाइप केलं की पूर्ण मजकूर येतो. पण सुरुवातीला त्या माणसाच्या प्रश्नाला एक स्वतःची ओळ द्या, ‘हो काका, आठ संपलाय’ एवढी तरी. आणि दुसरी चप्पल सुचवायची असेल तर आधी यादीत नाव घ्या, मग विचारा: ‘तोवर कुरुंदवाडी बघणार का? त्यात 8 आहे.’ आधीच दुसरं पुढे केलं तर समोरच्याला टाळल्यासारखं वाटतं.

यादी हातात आली, ती वाचायची कशी

समजा दहा दिवसांत 6, 7 आणि 10 चे उरलेले जोडही गेले आणि यादीत 58 नावं आली. शीटमध्ये नंबराचा रकाना D असेल तर प्रत्येक नंबराची मोजणी अशी निघते:

```
=COUNTIF(D:D,8)
```

निकाल असा आला: 6 नंबरची 7 नावं, 7 ची 13, 8 ची 19, 9 ची 14, 10 ची 5. आणि कारागीर म्हणतोय, पहिल्या खेपेत 30 जोडच होतील.

इथे नवखा माणूस सहसा प्रत्येक नंबराचे सारखे सहा-सहा जोड सांगतो. मग आठ नंबरवाले तेरा जण रिकाम्या हाताने परत जातात आणि दहाचा एक जोड कपाटात राहतो. शब्द तर तुम्ही क्रमाचा दिलाय. म्हणून पहिल्या 30 नावांचे नंबर मोजा. समजा ते निघाले 6 चे 3, 7 चे 7, 8 चे 11, 9 चे 7, 10 चे 2. हाच कागद कारागिराला द्यायचा, रंगासकट. त्यातल्या कुणी ऐन वेळी नाही म्हटलं तर तो जोड त्याच नंबराच्या पुढच्या माणसाला जाईल. आठच्या मागे अजून 8 जण उभे आहेत, त्यामुळे कारागिराला जमत असेल तर आठ नंबरचे एक-दोन जोड जास्त करून घ्यायलाही हरकत नाही. दहाच्या मागे तीनच जण आहेत, तिथे जास्तीचं सांगू नका.

उरलेल्या 28 जणांना लगेच कळवा की ते दुसऱ्या खेपेत आहेत. ही गोष्ट विक्रेते लपवतात आणि मग माल आल्यावर सगळ्यांना एकदम मेसेज जातो, 58 जण धावतात, 28 जणांना दुसऱ्यांदा ‘संपलं’ ऐकावं लागतं. पहिल्यांदा ‘संपलं’ ऐकून माणूस नाव देतो. दुसऱ्यांदा ऐकल्यावर सहसा देत नाही.

आगाऊ रक्कम घ्यावी का, हे बरेच जण विचारतात. माझं मत, यादीच्या वेळी घेऊ नये. पैसे घेतले की ती ऑर्डर झाली आणि पाऊस लांबला तर 58 जणांचे पैसे यूपीआयने परत करत बसावं लागेल. पैसे माल तुमच्या हातात आल्यावर.

मधले सहा आठवडे

यादी घेऊन गप्प बसलात तर जुलैअखेरपर्यंत लोक विसरतात. पण रोज ‘येतंय, येतंय’ही नको. आठवड्याला एक गोष्ट पुरे आणि ती चप्पल बनण्याशी संबंधित असावी, म्हणजे वाट का पाहावी लागतेय ते आपोआप कळतं. एका आठवड्यात कारागिराच्या घरात तळाचे थर एकावर एक ठोकले जातायत ते दाखवा. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्यावरची वेणी. ती घरातल्या बायका घालतात आणि बारीक वादी इतक्या सफाईने फिरते की व्हिडिओ हळू करून दाखवावा लागतो. चेहरा दाखवायचा की नाही हे त्यांना आधी विचारा. हात दाखवले तरी पुरतं. तिसऱ्या वेळी कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत, हे सांगा. ‘कोल्हापुरी निपाणीची कशी?’ असं विचारणारे दर वेळी असतातच.

या पोस्टखाली यादीची लिंक असू दे, पण मुद्दा लिंकचा करू नका.

उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी यादीतल्यांना सांगा, तारीख उलटल्यावर नव्हे. ‘काका, तळ अजून वाळले नाहीत. जुलैअखेर म्हटलं होतं, आता 12 ऑगस्टच्या सुमाराला होईल. यादीत तुमचा क्रम तसाच आहे. थांबायचं नसेल तर सांगा, नाव काढते.’ शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, पण त्यामुळे यादीत खरोखर घेणारेच उरतात आणि कारागिराला दिलेला आकडाही वेळेत सुधारता येतो.

माल आला

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो आणि यादीतल्या निम्म्यांनी तो केलेला नसतो. शिवाय क्रमही राहत नाही. तीस जणांना एकेक मेसेज करायला तास-दीड तास लागतो, तो द्यावा. प्रत्येकाला त्याच्या नंबराच्या जोडाचा खरा फोटो पाठवा, उजेडात काढलेला, तळाची बाजूही दिसेल असा. हातकामात रंगाची छटा बदलते आणि ती आधी दिसली तर परत येणारा माल कमी होतो.

मजकुरात अंतिम किंमत, पाठवण्याचा खर्च आणि मुदत: ‘हा जोड उद्या रात्री 8 पर्यंत तुमच्या नावावर ठेवलाय.’ मुदतीआधी दोन तास एकदा आठवण. उत्तर आलं नाही तर नऊ वाजता पुढच्या माणसाला. पहिल्याला साध्या शब्दांत कळवायचं की जोड पुढे गेला आणि त्याचं नाव दुसऱ्या खेपेच्या वर ठेवलंय. दुबईहून दोन दिवसांनी उत्तर देणारा गिऱ्हाईक तुटत नाही ते यामुळे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘कळवलं’, ‘पैसे आले’, ‘पाठवलं’ अशी तीन लेबलं लावून ठेवली की कोण कुठे आहे ते एका नजरेत कळतं.

तीसपैकी दहा-बारा जणांनी काहीच उत्तर दिलं नाही तर यादीत गडबड आहे. एकतर किंमत फॉर्ममध्ये नव्हती किंवा मध्ये फार दिवस शांतता गेली. कुणी ‘दुसरीकडून घेतली’ म्हणालं तर कधी घेतली ते विचारा. पुढच्या वेळी कोणत्या आठवड्यात पोस्ट टाकायला हवी ते त्यातून समजतं.

तीसही जोड गेल्यावर उघड विक्रीची पोस्ट टाकू नका, कारण विकायला काही उरलेलं नाही. पिन केलेल्या पोस्टमधली तारीख बदला, फॉर्ममध्ये दुसऱ्या खेपेचा अंदाज लिहा आणि शीटमधली दिलेली नावं वेगळ्या पानावर हलवा. गणपतीच्या आधी दुसरी खेप होणार नाही असं कारागिराने सांगितलं असेल आणि यादीत आधीच साठ-सत्तर नावं असतील, तर फॉर्म उत्तरं घेणं थांबवा आणि तिथे लिहा: ‘यादी भरली. नवी यादी तुळशीच्या लग्नानंतर उघडेल.’